वरच्या ओळीतला आकडा

ऑडिटची तारीख लागली की आमच्या कंपनीत सगळ्यात आधी कुंड्यांना गेरू लागतो. मग गेटपासून शेडपर्यंतच्या पिवळ्या पट्ट्या नव्याने मारतात, त्या वाळायच्या आत फोर्कलिफ्ट त्यांच्यावरून जाते आणि पुन्हा मारतात. कॅन्टीनमध्ये अचानक टोमॅटो सॉसच्या बाटल्या दिसतात. चाकणमध्ये इतकी वर्षं नोकरी केल्यावर मला याचं काही वाटत नाही. नवरीला मेकअप करतात तसा कारखान्याला करतात, एवढंच. पण या वेळी सुरेंद्र सरांनी स्कॅन केलेल्या कागदांनाही मेकअप करायला लावला आणि माझ्या डोक्याला जो ताप झाला, तो अजून उतरलेला नाही.

सुरेंद्र सर म्हणजे आमचे क्वालिटी हेड. मी पद्मजा, त्यांच्या हाताखाली रेकॉर्ड्स सांभाळते. आम्ही गाड्यांच्या जोडणीत लागणाऱ्या पिना बनवतो. पिना घडवायच्या इथे, पण त्या तापवून कडक करायच्या भोसरीच्या एका भट्टीवाल्याकडे. तो माल परत पाठवताना बरोबर एक रिपोर्ट देतो. त्यात डावीकडे लॉटचा, म्हणजे मालाच्या खेपेचा नंबर, उजवीकडे त्या लॉटचा कडकपणा, सगळं पेनने लिहिलेलं. पंचावन्नच्या खाली आकडा असला की तो लॉट आत घ्यायचा नाही. नियम इतका सोपा आहे की माझ्या सासूबाईंनाही कळेल.

पूर्वी हे आकडे आमची माणसं कॉम्प्युटरमध्ये टाईप करायची. आता कागद स्कॅन होतो आणि सॉफ्टवेअर तो वाचतं. पेनाने लिहिलेल्या आकड्याची त्याला खात्री नसली की ते माणसाला विचारतं, "हे अठ्ठावन्न आहे ना?" आमच्याकडे तो माणूस म्हणजे वर्षाली. कॉन्ट्रॅक्टवरची, चिखलीला राहणारी, मूळ परभणीकडची. आकडा बरोबर असेल तर ती हो म्हणते, नाहीतर दुरुस्त करते.

आता यातली एकच गोष्ट मला प्राणापलीकडे जपावीशी वाटते, आणि तीच बाकी कुणाला पटत नाही. सॉफ्टवेअर नुसता आकडा ठेवत नाही. तो आकडा कुठल्या फाईलच्या कितव्या पानावरून उचलला, पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून किती ठिपके आत आणि किती ठिपके खाली, किती रुंद, किती उंच, हेही बरोबर ठेवतं. आकड्यावर क्लिक केलं की मूळ कागदाचं चित्र उघडतं आणि त्या जागेभोवती पिवळी चौकट दिसते. म्हणजे उद्या कुणी विचारलं, "बाई, हा अठ्ठावन्न आणलात कुठून?" तर बोट ठेवून दाखवता येतं की इथून. ही चौकट नसेल तर आकडा आणि अफवा यांत काही फरक नाही, असं मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. लोक मान डोलावतात आणि चहा आला का ते बघतात.

तर कुंड्यांचा गेरू वाळत होता आणि ज्या कस्टमरचं ऑडिट होतं त्याच्याकडून तक्रार आली. पिना मऊ निघाल्या होत्या, जोडणीत झिजत होत्या. लॉट नंबरही कळवला होता. सुरेंद्र सरांनी आम्हा सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तो लॉट काढला. सिस्टिममध्ये कडकपणा अठ्ठावन्न. सरांनी आकड्यावर क्लिक केलं. भट्टीवाल्याचा रिपोर्ट उघडला, शेवटच्या ओळीवर पिवळी चौकट आली आणि तिच्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, एक्कावन्न.

सरांनी स्क्रीनवर खाली बघितलं. आकडा कुणी मंजूर केला, तिथे वर्षालीचं नाव होतं.

"हे एक्कावन्न दिसतंय ना तुला?" सरांनी विचारलं.

"दिसतंय सर," वर्षाली म्हणाली.

"मग अठ्ठावन्नला हो कसं म्हटलंस?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. घाईत होते म्हणेल, चुकून दाबलं गेलं म्हणेल. पण ती म्हणाली, "मला आठवत नाही सर. पण चौकट तिथंच हाय म्हणल्यावर माझीच चूक. माफ करा."

सरांनी लगेच वहीत काहीतरी टिपलं. ऑडिट होईपर्यंत तिने घरी बसावं आणि कॉन्ट्रॅक्टचं पुढे बघू, असं ठरलं. "पुढे बघू" याचा अर्थ चाकणमध्ये शेंबडं पोरही सांगेल. महिनाअखेर तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं.

मला संताप आला तो आधी वर्षालीचाच. इतकी वर्षं मी तिला शिकवलं, आकडा बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. आणि ही बया एक्कावन्नला अठ्ठावन्न म्हणते! ती पर्स घेऊन निघाली तेव्हा मी तिच्याकडे धड बघितलंही नाही. जागेवर येऊन रागारागात तो रिपोर्ट उघडला. म्हटलं, बघू तरी या बाईने आणखी काय दिवे लावलेत.

शेवटच्या लॉटवर क्लिक केलं, चौकट एक्कावन्नवर. त्याच्या वरच्या लॉटवर क्लिक केलं. सिस्टिममध्ये सत्तावन्न, चौकटीत अठ्ठावन्न. त्याच्या वरच्यावर केलं, तिथेही सिस्टिममध्ये वेगळा आकडा आणि चौकटीत वेगळा. म्हणजे या पानावर वर्षाली प्रत्येक ओळीत चुकली होती. एखादी ओळ चुकली तर समजू शकतं. पण ओळीने सगळ्या? माणूस डोळे मिटून आकडे मंजूर करत असता तरी एखादा बरोबर आला असता.

मग मी तारखेवर क्लिक केलं. तारीख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात होती आणि पिवळी चौकट तिच्या खाली, कोऱ्या जागेत बसली होती. त्या चौकटीत शाईचा एक ठिपकाही नव्हता. कोऱ्या कागदावरून सॉफ्टवेअरने बरोबर तारीख वाचली होती म्हणे! डावीकडे लॉट नंबरवर क्लिक केलं तर चौकट जवळपास जागेवर. मधल्या रकान्यात थोडी सरकलेली. उजवीकडे जावं तशी जास्त. चौकटी सरकल्या नव्हत्या, त्यांच्याखालचा कागद फिरला होता.

मी तडक केयूरकडे गेले. केयूर आमचा आयटीवाला. मुलगा हुशार आहे, पण कुणी काही सांगितलं की आधी करतो आणि मग विचार करतो.

"केयूर, भट्टीच्या रिपोर्टांच्या चित्रांना कुणी हात लावलाय?"

"मीच मॅडम," तो अगदी खुशीत म्हणाला. "सर म्हणाले, ऑडिटरसमोर वाकडे कागद बरे दिसत नाहीत. मी एक प्रोग्रॅम लावला. सगळी पानं सरळ केली, काळ्या कडा कापल्या, साईझपण कमी झाली. मस्त झालंय ना?"

मी शेजारची खुर्ची ओढून बसले. "आणि मूळ चित्रं?"

"त्यांच्यावरच सेव्ह केली. नाव तेच ठेवावं लागतं ना, नाहीतर लिंक तुटते."

लिंक तुटते! लिंक तुटू नये म्हणून या पठ्ठ्याने फाईलचं नाव सांभाळलं होतं आणि आतला कागद फिरवून टाकला होता. मी त्याच्यापुढचा एक छापील कागद घेतला, टेबलावर वाकडा ठेवला आणि त्यावर टाचणीने एक भोक पाडलं. मग कागद सरळ केला. "आता बघ, टेबलावर टाचणी जिथे लागली तिथे कागदावरचा कुठला शब्द आलाय?" केयूर बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तेव्हा मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"पण मॅडम, मी चेक केलं होतं. तीन-चार पानं उघडून बघितली, चौकटी बरोबर होत्या."

"ती पानं मुळात सरळच असतील."

"असतील," तो म्हणाला.

"आणि सिस्टिमने काही सांगितलं नाही? प्रत्येक चित्राचा ठसा घेतलेला असतो. त्यातला एक ठिपका बदलला तरी ठसा जुळत नाही आणि वर लाल पट्टी येते. चित्र मूळ नाही म्हणून."

केयूर खाली बघून म्हणाला, "आली होती. सगळ्याच पानांवर आली. सर म्हणाले, ऑडिटमध्ये लाल काही दिसता कामा नये. मग मी ती पट्टी बंद केली."

माझ्या तोंडावर जे आलं ते छापण्यासारखं नाही.

सुरेंद्र सर त्यांच्या केबिनमध्ये प्रेझेंटेशन बनवत होते. कारण, उपाय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, असे तीन रकाने. कारणाच्या रकान्यात "ऑपरेटरचं दुर्लक्ष" असं आधीच लिहिलेलं. मी सगळं सांगितलं. कागद फिरलाय, चौकटी चुकीच्या जागी पडतायत, एक्कावन्नवर दिसणारी चौकट मुळात तिथे नव्हतीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मला खरंच वाटलं की आता हे केयूरला झापतील.

"म्हणजे चौकटी हाताने सरकवता येतील ना?" ते म्हणाले.

"हाताने?"

"ऑडिटला वेळ आहे. तुम्ही आणि केयूर बसा, जिथे जिथे चुकलंय तिथे चौकट ओढून बरोबर जागेवर ठेवा."

"सर, चौकट म्हणजे सजावट नाही. आकडा त्या वेळी कुठून उचलला त्याची ती साक्ष आहे. आज मी बसून चौकट ओढली तर ती माझी साक्ष झाली. मला आकडा जिथे असावासा वाटतो तिथे मी ठेवणार. मग आधी आकडा टाईप करत होतो तेच काय वाईट होतं?"

"बरं, बरं." त्यांनी हात वर केला. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि असं करा, त्या तक्रारीच्या लॉटचं पान राहू द्या. ते जसंय तसं ठीक आहे. चौकट बरोबर ओळीवर आहे."

हा माणूस मूर्ख नाही हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचा मला जास्त राग आला. सगळ्या पानांवरच्या चौकटी चुकीच्या, पण जिच्यामुळे वर्षाली अडकते तेवढी बरोबर! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अंगण सरळ करून वर नाचणारीला दोष द्यायचा होता.

"सर, ती पोरगी जाईल कामावरून."

"तिला दुसरीकडे लागेल हो काम. चाकणला काय कंपन्या कमी आहेत? पण कस्टमर गेला तर या शेडमध्ये कुणाला काम राहील, सांगा. ऑपरेटरची चूक ही ऑडिटर समजून घेतो. सिस्टिमची चूक म्हटली की सगळे लॉट उघडून पुन्हा तपासायला लावतो." त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला पण हौस नाही, पद्मजा मॅडम."

हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मी आणखी चिडले. पण ज्या मालाचे आकडे चुकलेत तो माल गाड्यांत बसतो. लॉट उघडायलाच हवे होते. तसं मी म्हटलं. ते म्हणाले, विचार करू. मी म्हटलं, मी मूळ चित्र शोधते. ते म्हणाले, मूळ चित्र आता आहे कुठे?

प्रश्न बरोबर होता. कागद गोदामात होता, तो पुन्हा स्कॅन करता आला असता. पण दुसऱ्यांदा स्कॅन केलेला कागद काचेवर वेगळ्याच जागी पडतो. त्याच्यावर जुन्या चौकटी बसणार नाहीत. त्या चौकटी फक्त त्या दिवशीच्या, त्या वाकड्या चित्राच्या होत्या.

केयूरलाच शेवटी आठवलं. आमचं जुनं ऑफिस चिंचवडला आहे, तिथे एक सर्व्हर धूळ खात पडलेला आहे आणि इथल्या फायलींची नक्कल त्याच्यावर जाते. नव्या फायली गेल्या तरी जुन्या तो काही काळ ठेवतो. केयूर बाईक काढून गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, सरांना विचारू का?"

"तू पानं सरळ करताना मला विचारलं होतंस?"

तो गेला. मी त्याला फोन करून करून हैराण केलं. त्याने शेवटी सांगितलं, "मॅडम, नाशिक फाट्यावर ट्रॅफिक आहे, फोन उचलायला बाईक थांबवावी लागते." मग मी गप्प बसले.

तो डिस्क घेऊन आला. आम्ही त्या पानाचं मूळ चित्र काढलं आणि आधी ठसा जुळवला. अक्षर न् अक्षर जुळला. म्हणजे सॉफ्टवेअरने वाचलेलं चित्र हेच. मग त्याच्यावर चौकट टाकली.

कागद चांगलाच वाकडा होता. आमच्या माणसाने स्कॅनरवर कसा टाकला देव जाणे, उजवी बाजू खाली उतरली होती. ओळी डावीकडून उजवीकडे घसरत गेल्या होत्या. शेवटच्या लॉटचा नंबर डावीकडे जिथे होता, तिथून सरळ आडवं बघितलं तर उजवीकडे वरच्या ओळीतला आकडा लागत होता. पिवळी चौकट त्याच आकड्याभोवती होती. अठ्ठावन्न. बाकीच्या ओळींचंही तेच. प्रत्येक लॉटला वरच्या शेजाऱ्याचा आकडा मिळाला होता. पहिल्या लॉटला शेजारीच नव्हता, तो कुणीतरी हाताने भरला होता. बाकी आकडे पंचावन्नच्या वरच असल्याने कुणाचं काही बिघडलं नाही. शेवटच्या ओळीत मात्र घोटाळा झाला.

आणि केयूरने पान सरळ केलं, तेव्हा उजवी बाजू वर आली. चौकट होती तिथेच राहिली, अठ्ठावन्न वर गेला आणि खालचा एक्कावन्न येऊन चौकटीत बसला.

"पण मॅडम," केयूर म्हणाला, "वर्षालीने अठ्ठावन्न बरोबर वाचला, तरी ओळ चुकीची आहे हे तिला दिसायला हवं होतं ना?"

"दिसलं असतं. तिला काय दाखवलं होतं ते काढ."

सिस्टिम हेही ठेवते. मंजूर करताना माणसासमोर चित्राचा कुठला भाग होता, त्याची नोंद. केयूरने ती काढली. वर्षालीला पान दिसलंच नव्हतं. तिला दिसला होता नखाएवढा तुकडा, चौकटीपुरता. त्यात अठ्ठावन्न, आणि खाली प्रश्न, हे अठ्ठावन्न आहे का? तिने हो म्हटलं. देवानेही हो म्हटलं असतं. आधी पूर्ण पान दिसायचं, लॉट नंबर आणि आकडा दोन्हींना चौकटी असायच्या. पण पान उघडायला वेळ लागतो, काम तुंबतं, म्हणून सरांनी मेल पाठवून तुकडा करायला लावला होता. मी तेव्हा नको म्हटलं होतं. माझं कोण ऐकतं?

मी सरांना मूळ चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे ऑडिटरने मागितलं तरच दाखवू." मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. बाहेर येऊन केयूरला सांगितलं, लाल पट्टी चालू कर. तो घुटमळला. मग म्हणाला, "मीच बंद केलीय, मीच चालू करतो," आणि केली.

ऑडिटर आली ती योगिनी मॅडम. कडक इस्त्रीची साडी, हातात साधी पेन्सिल. कुंड्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. सरांनी प्रेझेंटेशन सुरू केलं, कारण, उपाय, ऑपरेटरला कामावरून थांबवलंय. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तो लॉट दाखवा. स्लाईड नको, सिस्टिममध्ये."

सरांनी क्लिक केलं. पान उघडलं, चौकट एक्कावन्नवर, आणि वर आडवी लाल पट्टी. हे चित्र मूळ नाही.

"हे काय?" योगिनी मॅडमनी विचारलं.

"टेक्निकल आहे मॅडम," सर म्हणाले. "आमच्या आयटीवाल्यांनी जरा..."

"मूळ आहे का?"

सर माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंती होती, आणि तीच मला नको होती. मी म्हटलं, "आहे मॅडम," आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे वाकडं, उजवीकडे सरळ. चौकट दोन्हींवर त्याच जागी. एकात अठ्ठावन्न, दुसऱ्यात एक्कावन्न.

ती दोन्हींकडे आळीपाळीने बघत होती. "कुणी सरळ केलं?"

"मी," केयूर म्हणाला. "मूळ वेगळं ठेवून सरळ केलेली प्रत फक्त बघायला ठेवायला हवी होती. आणि किती फिरवलं, किती कापलं तेही लिहून ठेवायला हवं होतं, म्हणजे चौकट तेवढीच फिरवून बरोबर बसवता आली असती. मी ते केलं नाही."

"आणि मंजूर करणाऱ्याला काय दिसत होतं?"

मी तो तुकडा लावला. मोठ्या स्क्रीनवर एवढासा अठ्ठावन्न. तिने विचारलं की पूर्ण पान का दाखवत नाहीत, आणि या वेळी सर स्वतः म्हणाले, "माझा निर्णय होता." कसंबसं म्हणाले, पण म्हणाले. त्याबद्दल मी त्यांना एक गुण देते, जास्त नाही.

योगिनी मॅडमनी त्या दिवशी आमचं बरंच काही लिहून घेतलं. वाकड्या स्कॅनचे सगळे लॉट पुन्हा तपासायचे, मूळ चित्रांना कुलूप लावायचं, तुकडा बंद करून पूर्ण पान दाखवायचं. भट्टीच्या आकड्यांवर विश्वास बसेपर्यंत माल आमच्या खर्चाने तपासून पाठवायचा. सरांचा चेहरा उतरला. कस्टमर मात्र गेला नाही. जाताना ती म्हणाली, "ऑपरेटरची चूक हा मुद्दा काढून टाका. मला ती कुठे दिसली नाही."

मी तिथूनच वर्षालीला फोन लावला. म्हटलं, उद्या कामावर ये, कॉन्ट्रॅक्ट चालू राहतंय, तुझी चूक नव्हती. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ती फक्त "बरं ताई" म्हणाली. मला जरा रागच आला. मी एवढी भांडले आणि हिला आनंद नाही का झाला?

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. नवा, जाड काळ्या काड्यांचा, तिच्या नाकावरून घसरणारा. मी काही विचारलं नाही, तिला माझ्या जागेवर बसवलं आणि मूळ पान उघडून दिलं. तिने स्वतः क्लिक केलं. पिवळी चौकट अठ्ठावन्नवर आली. मी तो नखाएवढा तुकडाही दाखवला.

"हे मी बघितलं होतं," ती हळूच म्हणाली.

"हो. हेच. बरोबर बघितलं होतंस तू."

ती स्क्रीनच्या जवळ सरकली. चष्मा वर ढकलला, मग काढून हातात घेतला, पुन्हा बघितलं, पुन्हा घातला.

"चष्मा कधी लागला गं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी ताई. इथून निघाले ती सरळ डांगे चौकात उतरले." ती चौकटीवरून नजर न काढता बोलत होती. "चष्मेवाला म्हणला, तुमचे डोळे चांगले हायत, नंबर न्हाई. म्या म्हणलं, आसं कसं, कामावर मला एक्कावन्नचा अठ्ठावन्न दिसला की. पुन्हा तपासा. त्यानं तीनदा तपासलं. म्हणला, बाई, नंबर न्हाई तर काच कशाची देऊ? म्या म्हणलं, कशाची बी द्या, पण द्या."

मी तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि आरपार बघितलं. साधी काच होती. समोरचं सगळं जसंच्या तसं दिसत होतं.